स्वरांच्या फॉर्मंट-मूल्यांचे प्रसामान्यीकरण : फुलंब्री परिसरातील मराठीच्या समाजध्वनिवैज्ञानिक अभ्यासाच्या संदर्भात

सारांश : एखाद्या भाषिक समाजातील वृद्ध व तरुण, स्त्रिया व पुरुष यांच्या स्वरोच्चारांची तुलना करताना मोजलेली ध्वनिमूल्ये जशीच्या तशी वापरता येत नाहीत. त्यांत उच्चारातील भेदाबरोबर शरीररचनेचा भेदही मिसळलेला असतो. हा शारीरिक भाग वेगळा काढण्याच्या गणिती क्रियेला प्रसामान्यीकरण म्हणतात. प्रस्तुत लेखात या क्रियेच्या दोन प्रमुख पद्धतींचे विवेचन केले आहे. दोन पिढ्यांच्या बोलण्यातील स्वरांची संख्याच भिन्न असेल, तर ही क्रिया नसलेला भेद कसा निर्माण करते, हे फुलंब्री परिसरातील मराठीच्या संदर्भात उदाहरणाने दाखविले आहे.

बीजसंज्ञा : फॉर्मंट, स्वरावकाश, प्रसामान्यीकरण, समाजध्वनिविज्ञान, मराठवाड्यातील मराठी, आगंतुक स्वर.

१. प्रस्तावना

फुलंब्री हे तालुक्याचे गाव छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) सिल्लोडकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. शहराशी रोजचा संबंध, शेतीप्रधान परिसर आणि मराठीच्या शेजारी नांदणारी दखनी उर्दू यांमुळे येथील बोलणे भाषाभ्यासकाला अनेक प्रश्न पुरविते. त्यांपैकी एक प्रश्न साधा वाटणारा, पण मोजण्यास अवघड आहे. इंग्रजी शब्दांबरोबर मराठीत आलेले 'ॲ' आणि 'ऑ' हे दोन स्वर येथील तरुणांच्या बोलण्यात स्वतंत्र स्वर म्हणून स्थिरावले आहेत काय, आणि त्यांच्या आगमनाने शेजारचे जुने स्वर आपल्या जागेवरून हलले आहेत काय?

ऱ्हस्व-दीर्घ भेद लेखनात असला तरी मराठीच्या उच्चारव्यवस्थेत इ, ए, अ, आ, ओ, उ हे सहाच मूळ स्वर मानले जातात. जुन्या पिढीच्या तोंडी 'बॅट'चे 'ब्याट', 'ऑफिस'चे 'हापिस' आणि 'डॉक्टर'चे 'डाक्टर' होणे ही ग्रामीण महाराष्ट्रात सर्वपरिचित गोष्ट आहे. येथे नवा स्वर स्वीकारला जात नाही. 'ॲ'चे काम 'य'-श्रुती आणि 'आ' यांच्या जोडीने भागविले जाते, तर 'ऑ'चे काम नुसत्या 'आ'ने. शाळा-महाविद्यालयांत वाढलेली पिढी मात्र 'बॅट' आणि 'ऑफिस' म्हणते. म्हणजे एकाच घरातील आजोबांजवळ सहा स्वर आणि नातीजवळ आठ, अशी स्थिती संभवते. तुलनेची खरी अडचण येथेच सुरू होते.

मराठीच्या बोलींचा अभ्यास जुना आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. पुढे अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीची ग्रंथमाला सिद्ध केली. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठी बोलींचे सर्वेक्षण हाती घेऊन राज्यभरातील शब्द व व्याकरणविशेष नोंदविले. कानाने ऐकून लिपीत उतरविलेल्या नोंदीतून 'ब्याट' आणि 'बॅट' हा भेद कळतो. परंतु 'आ' किंचित वर सरकला काय, यासारख्या प्रश्नाला कान पुरत नाही. तेथे ध्वनीचे मापन करावे लागते.

२. फॉर्मंट आणि शरीराचा वाटा

स्वर उच्चारताना स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी एखाद्या नळीप्रमाणे घुमते. ज्या वारंवारतांना ती विशेष प्रतिसाद देते त्यांना फॉर्मंट म्हणतात. पहिला फॉर्मंट प्रामुख्याने जिभेच्या उंचीशी निगडित असतो. 'इ'मध्ये तो कमी आणि 'आ'मध्ये जास्त असतो. दुसरा फॉर्मंट जिभेच्या पुढे-मागे असण्याशी व ओठांच्या गोलाईशी संबंधित असतो. तो 'इ'मध्ये जास्त व 'उ'मध्ये कमी आढळतो. या दोन मूल्यांचा आलेख काढला, की एका वक्त्याच्या स्वरांचा नकाशा मिळतो. त्यालाच स्वरावकाश असे म्हटले जाते.

मात्र नळीची लांबी बदलली की फॉर्मंटही बदलतात. एका टोकास बंद असलेल्या सरळ नळीचा पहिला फॉर्मंट म्हणजे ध्वनीच्या वेगाला नळीच्या लांबीच्या चौपटीने भागून येणारी संख्या होय. ध्वनीचा वेग सेकंदाला ३५,००० सेंटीमीटर धरल्यास १७.५ सेंटीमीटर लांबीच्या नळीसाठी ती ५०० हर्ट्झ, तर १४.५ सेंटीमीटरसाठी सुमारे ६०३ हर्ट्झ येते. जिभेची ठेवण तीच असली तरी केवळ लांबीमुळे वीस टक्क्यांचा फरक पडतो. प्रौढ पुरुष आणि प्रौढ स्त्री यांच्या मुखमार्गातील अंतर साधारण याच मापाचे असते.

हा प्रश्न पीटरसन आणि बार्नी यांच्या १९५२ च्या शोधनिबंधाने ठळकपणे समोर आणला. त्यांनी अमेरिकन इंग्रजी बोलणारे ३३ पुरुष, २८ स्त्रिया आणि १५ मुले, असे ७६ वक्ते तपासले. 'ई'सदृश स्वराचा पहिला व दुसरा फॉर्मंट पुरुषांत सरासरी २७० व २२९० हर्ट्झ होता, तर स्त्रियांत ३१० व २७९०. ऐकणाऱ्याला दोन्हीकडे तोच स्वर ऐकू येतो, पण आलेखावर ते दूर पडतात. उलट एका वक्त्याचा एक स्वर आणि दुसऱ्या वक्त्याचा भिन्न स्वर आलेखावर एकाच जागी येऊ शकतात. म्हणून फुलंब्रीतील आजोबा आणि नात यांचे आकडे शेजारी ठेवून काढलेला कोणताही निष्कर्ष आधी शरीराचा हिशेब चुकता केल्याशिवाय ग्राह्य धरता येत नाही.

३. प्रसामान्यीकरणाच्या दोन पद्धती

या कामासाठी अनेक पद्धती सुचविल्या गेल्या आहेत. समाजध्वनिवैज्ञानिक अभ्यासात त्यांपैकी दोन विशेष प्रचलित आहेत.

पहिली पद्धत बोरिस लोबानोव यांनी रशियन स्वरांच्या संदर्भात १९७१ मध्ये मांडली. तीत प्रत्येक वक्त्याच्या प्रत्येक फॉर्मंटचे मध्यमान आणि प्रमाण विचलन काढले जाते. मोजलेल्या मूल्यातून मध्यमान वजा करून बाकीला प्रमाण विचलनाने भागतात :

```
z = (F - m) / s
```

येथे `F` हे मोजलेले मूल्य, `m` त्या वक्त्याचे मध्यमान आणि `s` प्रमाण विचलन होय. उत्तर हर्ट्झमध्ये येत नाही. एखादा स्वर त्या वक्त्याच्या स्वतःच्या केंद्रापासून किती दूर आहे, एवढेच ते सांगते.

दुसरी पद्धत टेरन्स निअरी यांनी १९७८ मध्ये मांडली. नळी लांब किंवा आखूड झाल्याने सर्व फॉर्मंट एकाच पटीत बदलतात, हे तिचे गृहीतक आहे. लघुगणक घेतल्यावर ही पट साध्या बेरजेत रूपांतरित होते. म्हणून वक्त्याच्या सर्व फॉर्मंटच्या लघुगणकांचे मध्यमान काढून ते प्रत्येक मूल्याच्या लघुगणकातून वजा करतात :

```
F* = ln(F) - G
```

येथे `G` हे त्या वक्त्याचे लघुगणकीय मध्यमान होय. लबॉव्ह, ॲश आणि बोबर्ग यांच्या २००६ च्या उत्तर अमेरिकी इंग्रजीच्या नकाशासंग्रहात याच पद्धतीचा अवलंब केला आहे.

दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. लोबानोव पद्धत प्रत्येक वक्त्याचा स्वरावकाश ताणून किंवा दाबून सारख्याच विस्ताराचा करते. निअरींची पद्धत केवळ एका पटीने मोजमाप बदलते आणि आकार तसाच ठेवते. अडांक, स्मिट्स आणि व्हान हाउट यांनी २००४ मध्ये १६० डच वक्त्यांवर अनेक पद्धती ताडून पाहिल्या. त्यांत या दोन्ही पद्धती उजव्या ठरल्या आणि लोबानोव पद्धत अग्रभागी राहिली. तथापि सँटियागो बारेडा यांनी २०२१ मध्ये श्रोत्यांच्या आकलनाच्या आधारे असा युक्तिवाद केला, की लोबानोव पद्धत गरजेपेक्षा अधिक भेद पुसून टाकते, त्यामुळे भाषिक भिन्नतेच्या अभ्यासात लघुगणकीय पद्धत अधिक विश्वसनीय आहे. हा आक्षेप फुलंब्रीसारख्या ठिकाणी किती खरा ठरतो, ते पुढील उदाहरणातून दिसेल.

४. सोडविलेले उदाहरण : आजोबा आणि नात

पुढील आकडे मोजलेले नाहीत. गणित स्पष्ट व्हावे एवढ्यासाठी ते मानलेले आहेत. आजोबांचे सहा स्वर दिले असून नातीचे तेच सहा स्वर नेमके १.२ पट घेतले आहेत. म्हणजे या सहा स्वरांच्या बाबतीत दोघांत शरीराखेरीज कोणताही भेद नाही. नातीजवळ मात्र 'ॲ' आणि 'ऑ' हे दोन स्वर अधिक आहेत.

| स्वर | आजोबा : पहिला फॉर्मंट | आजोबा : दुसरा फॉर्मंट | नात : पहिला फॉर्मंट | नात : दुसरा फॉर्मंट |
|---|---|---|---|---|
| इ | ३०० | २२०० | ३६० | २६४० |
| ए | ४५० | २००० | ५४० | २४०० |
| अ | ५५० | १३५० | ६६० | १६२० |
| आ | ७०० | १२५० | ८४० | १५०० |
| ओ | ४८० | ९०० | ५७६ | १०८० |
| उ | ३४० | ८५० | ४०८ | १०२० |
| ॲ | – | – | ७९२ | २१०० |
| ऑ | – | – | ७४४ | १२०० |

प्रथम लोबानोव पद्धतीने पहिला फॉर्मंट पाहू. आजोबांचे मध्यमान ४७० आणि प्रमाण विचलन १४५.३ येते. त्यांच्या 'आ'चे प्रसामान्यीकृत मूल्य (७०० − ४७०) ÷ १४५.३, म्हणजे १.५८ आणि 'ए'चे −०.१४ येते.

आता नातीचे आठही स्वर हिशेबात घेतले, तर तिचे मध्यमान ६१५ आणि प्रमाण विचलन १७५.५ येते. तिच्या 'आ'चे मूल्य १.२८ आणि 'ए'चे −०.४३ होते. हे आकडे पाहणारा अभ्यासक सहज लिहून जाईल, की तरुण पिढीचा 'आ' पूर्वीइतका विवृत राहिलेला नाही आणि 'ए'सुद्धा वर सरकला आहे, म्हणजे नव्या स्वरांना जागा देण्यासाठी जुने स्वर हलले आहेत. निष्कर्ष आकर्षक आहे आणि भाषापरिवर्तनाच्या सिद्धान्तात चपखल बसणाराही आहे. परंतु तो पूर्णतः खोटा आहे, कारण आकडे मानतानाच जुने स्वर जागचे हलविलेले नव्हते. 'ॲ' आणि 'ऑ' या दोन्हींचा पहिला फॉर्मंट मोठा असल्याने त्यांनी नातीचे मध्यमान वर ओढले आणि त्या मध्यमानाच्या तुलनेत बाकीचे स्वर खाली गेले. भेद उच्चारात घडलेला नसून हिशेबात घडला आहे.

लघुगणकीय पद्धत या दोषापासून मुक्त आहे असे नाही. त्याच आकड्यांवर ती वापरल्यास नातीचे मध्यमान सुमारे ४ टक्क्यांनी वर जाते आणि तिचा 'आ' आजोबांच्या मापावर ७०० ऐवजी सुमारे ६७१ हर्ट्झवर दिसतो. मात्र येथे सर्व स्वर एकाच पटीने सरकतात. लोबानोव पद्धतीप्रमाणे प्रत्येक स्वर निराळ्या अंतराने हलत नाही. त्यामुळे चूक अधिक सहज ओळखता येते.

यावरील उपाय सोपा आहे. मध्यमान आणि प्रमाण विचलन केवळ दोघांजवळ असलेल्या सहा स्वरांवरून काढावे, आणि मग त्याच मापाने नातीचे नवे स्वर मोजावेत. असे केल्यास नातीचे मध्यमान ५६४ आणि प्रमाण विचलन १७४.४ येते. तिचा 'आ' १.५८ वर, 'ए' −०.१४ वर, म्हणजे थेट आजोबांच्या स्वरांवर जाऊन बसतो. 'ॲ' १.३१ वर, 'आ'च्या किंचित वर आढळतो. आता आलेख जे सांगतो ते खरे आहे : जुने स्वर जागेवर आहेत आणि दोन नवे स्वर मोकळ्या जागेत आले आहेत.

प्रत्येक स्वराचे नमुने किती घेतले, याचाही असाच परिणाम होतो. मोकळ्या गप्पांच्या ध्वनिमुद्रणात एका वक्त्याच्या तोंडी 'आ' शंभर वेळा आणि 'उ' दहाच वेळा आला, तर सरसकट काढलेले मध्यमान 'आ'कडे झुकते. म्हणून प्रथम प्रत्येक स्वराचे स्वतंत्र मध्यमान काढावे आणि नंतर त्या सहा मध्यमानांचे मध्यमान घ्यावे.

५. क्षेत्रकार्य आणि मापन

आधारभूत सहा स्वरांसाठी शक्यतो सारख्या व्यंजनांच्या चौकटीतील घरगुती शब्द निवडावेत. पीठ, पेठ, पट, पाट, पोट, बूट असे शब्द यासाठी उपयुक्त आहेत. अनुनासिकाच्या शेजारचा स्वर टाळावा, कारण नासिक्यतेमुळे पहिल्या फॉर्मंटचे मापन बिघडते. प्रत्येक शब्द आठ-दहा वेळा मिळाला तर एखाद्या चुकीच्या नोंदीचा परिणाम मर्यादित राहतो.

'बॅट' किंवा 'ऑफिस' हे शब्द लिहून वाचावयास देऊ नयेत. डोक्यावरची चंद्रकोर पाहून वक्ता शाळेत शिकविलेला उच्चार करण्याचा संभव असतो. वस्तू किंवा चित्र दाखवून "हे काय?" असे विचारणे अधिक हिताचे.

मापनासाठी ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील बूर्स्मा आणि वेनिंक यांनी विकसित केलेले 'प्रात' हे संगणकीय साधन सर्वत्र वापरले जाते. त्यात पाच फॉर्मंट शोधण्याची वरची मर्यादा प्रौढ पुरुषांसाठी ५००० आणि स्त्रियांसाठी ५५०० हर्ट्झ ठेवण्याचा प्रघात आहे. मर्यादा चुकल्यास 'ओ', 'उ' यांचे जवळजवळ असलेले पहिले दोन फॉर्मंट एकच म्हणून नोंदविले जातात, किंवा नसलेला फॉर्मंट मध्ये उपटतो. प्रसामान्यीकरण ही चूक दुरुस्त करीत नाही. उलट मध्यमानाच्या वाटेने ती त्या वक्त्याच्या सर्व स्वरांत पसरविते. म्हणून प्रथम प्रत्येक वक्त्याचा हर्ट्झमधील आलेख पाहावा. 'उ'चा एखादा बिंदू 'इ'च्या जवळ गेलेला दिसला, तर तो उच्चाराचा चमत्कार नसून मापनाचा दोष असण्याचाच संभव अधिक. उंच पट्टीत बोलणाऱ्या मुलींच्या 'इ' आणि 'उ'कडे विशेष लक्ष द्यावे. आवाजाची मूळ वारंवारता ३०० हर्ट्झच्या आसपास असली, की पहिल्या फॉर्मंटची नेमकी जागा सापडणे कठीण होते.

'ब्याट' आणि 'बॅट' यांचा भेद स्वराच्या मध्यबिंदूवरील एका मापनाने कळत नाही. 'ब्याट'मध्ये दुसरा फॉर्मंट 'य'च्या उंच मूल्यापासून 'आ'पर्यंत घसरत येतो आणि या घसरणीचा मध्य नेमका 'ॲ'च्या जागी पडू शकतो. स्वराच्या कालावधीतील २०, ३५, ५०, ६५ आणि ८० टक्क्यांच्या बिंदूंवर मापन केल्यास घसरण आणि स्थिर स्वर वेगळे ओळखता येतात. ही खबरदारी न घेतल्यास आजोबांच्या नावावर नसलेला सातवा स्वर जमा होतो.

६. प्रसामान्यीकरणाच्या मर्यादा

स्त्री-पुरुषांच्या फॉर्मंटमधील सर्व भेद नळीच्या लांबीचा असता तर एकच पट पुरली असती. पीटरसन-बार्नी यांच्या आकड्यांत मात्र स्त्रियांचा दुसरा फॉर्मंट 'ई'मध्ये पुरुषांपेक्षा सुमारे २२ टक्के, तर 'ऊ'मध्ये सुमारे ९ टक्केच अधिक आहे. गुन्नार फान्ट यांनी १९६६ मध्ये याकडे लक्ष वेधले. पुरुषांत घशाकडील पोकळी तोंडाच्या मानाने अधिक लांब असते, त्यामुळे पट स्वरागणिक बदलते, हे याचे एक कारण.

दुसरे कारण सामाजिक आहे. सॅक्स, लीबरमन आणि एरिक्सन यांनी १९७३ मध्ये दाखविले, की वयात येण्यापूर्वीच्या मुलगे-मुलींच्या बोलण्यातही असे भेद आढळतात, ज्यांचे स्पष्टीकरण शरीराच्या आकाराने देता येत नाही. मुलगा किंवा मुलगी 'कसे बोलते' हे अनुकरणातून शिकले जाते. समाजध्वनिवैज्ञानिकाला नेमका हाच भाग हवा असतो. लोबानोव पद्धत प्रत्येकाचा विस्तार सारखा करीत असल्याने स्पष्ट, ताणून बोलणाऱ्या स्त्रिया आणि आखूड, सैल स्वरावकाशाचे पुरुष असा खराखुरा भेद असेल, तर तोही ती पुसून टाकते.

निवडलेल्या पद्धतीने असे काही केले आहे काय, हे तपासण्याचे मार्ग आहेत. ज्या स्वरांत बदल अपेक्षित नाही असे एक-दोन स्वर, उदाहरणार्थ 'इ' आणि 'उ', प्रसामान्यीकरणानंतर सर्व वक्त्यांत जवळ आले पाहिजेत. ते आले नाहीत तर मापन किंवा पद्धत यांपैकी काहीतरी चुकले आहे. तसेच निष्कर्ष दोन्ही पद्धतींनी पडताळावा. एका पद्धतीत दिसून दुसरीत नाहीसा होणारा भेद समाजाविषयीचे विधान म्हणून मांडू नये.

शिवाय काही प्रश्नांना प्रसामान्यीकरणाची गरजच नसते. नातीच्या बोलण्यात 'ॲ' हा 'ए' आणि 'आ' यांच्याहून वेगळा आहे काय, याचे उत्तर तिच्या एकटीच्या हर्ट्झमधील आकड्यांतून मिळते. तिचा 'ॲ' काकाच्या 'ॲ'हून अधिक विवृत आहे काय, असे विचारताच दोन शरीरे समोर येतात आणि मगच प्रसामान्यीकरण अपरिहार्य ठरते.

७. निष्कर्ष

प्रसामान्यीकरण म्हणजे आकडे सुबक करण्याची तांत्रिक पायरी नव्हे. दोन वक्त्यांमधील अंतराचा कोणता भाग शरीराचा आणि कोणता समाजाचा, याविषयीचे ते गृहीतक आहे. फुलंब्री परिसरासारख्या ठिकाणी, जेथे एका पिढीजवळ सहा आणि दुसरीजवळ आठ स्वर असू शकतात, तेथे मापदंड दोघांत समान असलेल्या स्वरांवरूनच ठरविला पाहिजे. अन्यथा दोन उसन्या स्वरांच्या आगमनाने संपूर्ण मराठी स्वरव्यवस्था हलल्याचा आभास निर्माण होईल आणि पुढील अभ्यासक तो पुरावा म्हणून उद्धृत करतील. यासाठी शोधनिबंधात पद्धतीचे नाव देऊन थांबू नये. कोणत्या स्वरांवरून मध्यमान काढले, प्रत्येक स्वराचे किती नमुने घेतले आणि हर्ट्झमधील मूळ मूल्ये कोणती होती, हेही नोंदवावे. त्या नोंदीवरूनच वाचकाला नातीचा 'आ' खरोखर हलला, की केवळ हिशेबात हलला, हे ताडून पाहता येईल.